मदत हवी आहे: टिकलर फाइलमधल्या चिठ्ठ्या चुकीच्या दिवशी येताहेत

इंदूरची_अनघा
विम्याच्या नूतनीकरणाचं काम करते. कपाटात 43 फोल्डर आहेत: 1 ते 31 तारखांचे आणि बारा महिन्यांचे. पुढच्या महिन्याच्या चिठ्ठ्या त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये थांबतात, मग तारखांच्या फोल्डरमध्ये वाटतो. सकाळी त्या तारखेचा फोल्डर उघडायचा, चिठ्ठी निघेल त्या ग्राहकाला फोन करायचा. 28 जुलैची चिठ्ठी 28 जूनलाच हातात आली. दुसरी, 8 जुलैची, आलीच नाही. तो ग्राहक आज स्वतःच ओरडत आला, कारण गाडीची पॉलिसी 14 ला संपतेय. फोल्डर रोज उघडतो, एकही दिवस चुकलेला नाही. मग गडबड कुठे आहे? लवकर सांगा.

बडोदेकर_वसंत
एवढे फोल्डर कशाला? फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, घंटी वाजते. मी हयातीच्या दाखल्याचं तसंच केलंय. दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, ऐंशी वर्षांवरच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. आमच्या बँकेत मात्र रांग फार असते.

इंदूरची_अनघा
काका, माझ्या चिठ्ठीला जुनी पॉलिसी आणि आरसीची झेरॉक्स टाचलेली असते. घंटी वाजली तरी कागद शोधावेच लागतात. मला फोल्डरचंच उत्तर हवंय.

किल्ल्याखालचा
चिठ्ठीवर पॉलिसी संपण्याची तारीख लिहिता की फोन करण्याची? संपण्याची तारीख धरून टाकली तर ती उशिरा येणारच. माझ्या मते हेच झालंय.

इंदूरची_अनघा
फोनचीच. 14 ला संपते म्हणून 8 टाकली होती. गाडीची मुदत उलटली की पाहणी करावी लागते, आणि 90 दिवस गेले तर नो क्लेम बोनसही जातो. इतकं कळतं मला.

जोशीकाकू_ग्वाल्हेर
अनघा, मी सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. तिथे रिमाइंडर डायरी असायची, पण अडचण हीच. दोन गोष्टी सांग. जुलैचा फोल्डर 1 ते 31 मध्ये कोणत्या दिवशी वाटला? आणि 8 तारखेची चिठ्ठी कधी टाकली, कुठल्या फोल्डरमध्ये?

इंदूरची_अनघा
वाटण्याचं काम पुतण्या करतो. महिनाअखेरीस गर्दी असते म्हणून 25 जूनला वाटून ठेवला. 8 ची चिठ्ठी त्यानेच 27 जूनला टाकली. जुलैचं काम म्हणून जुलैच्या फोल्डरमध्ये टाकली असेल.

जोशीकाकू_ग्वाल्हेर
मग दोन्ही उत्तरं 25 तारखेतच आहेत. त्या दिवशी जूनचे 25 ते 30 हे फोल्डर अजून उघडायचे होते. जुलैची 28 ची चिठ्ठी त्यांच्यात पडली, म्हणून ती 28 जूनला निघाली. 25 ते 30 जुलैच्या सगळ्याच चिठ्ठ्या अशा महिनाभर आधी आल्या असतील. आणि वाटणी झाल्यावर जुलैचा फोल्डर पुन्हा उघडला जातो तो पुढच्या वर्षीच्या जूनअखेरीस. 27 ला त्यात पडलेली चिठ्ठी तोवर तिथेच. आधी तो फोल्डर उघडून बघ.

यापुढे महिना शेवटच्या संध्याकाळीच वाटा, त्या दिवसाचा फोल्डर रिकामा झाल्यावर. रिकामा झालेला महिना लगेच रांगेच्या शेवटी न्या, म्हणजे तो पुढच्या वर्षाचा झाला हे दिसतं. तारखेचा फोल्डरही रिकामा झाला की पुढच्या महिन्याच्या फोल्डरमागे सरकवा. आज 11 जुलै म्हणजे 1 ते 10 हे आता ऑगस्टच्या मागे हवेत. 5 ऑगस्टचं काम थेट 5 मध्ये जातं. पण 25 ऑगस्टचं ऑगस्टमध्येच, कारण 25 अजून जुलैचा आहे.

किल्ल्याखालचा
काकू, हे सरकवणं दोन माणसांत टिकत नाही. एक सरकवतो, दुसरा विसरतो. आकडे जागेवरच ठेवा, पुढच्या महिन्याचं सगळं महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका, आणि शेवटच्या दिवशी वाटा.

जोशीकाकू_ग्वाल्हेर
तेही चालतं, तारखा चुकत नाहीत. पण मग 31 ला ढीग वाटत बसावं लागतं, आणि त्याच कंटाळ्याने पुतण्याने 25 ला वाटला. कुठलीही एकच पद्धत धरा, दोन्ही मिसळू नका.

बडोदेकर_वसंत
रविवारचं काय करता? की रविवारीही दुकान उघडं?

खजुरीबाजार
मजबूत फोल्डर हवे असतील तर राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात बघा, जाड पुठ्ठ्याचे मिळतात. पातळ प्लास्टिकचे वाकतात.

इंदूरची_अनघा
जुलैचा फोल्डर उघडला. 8 ची चिठ्ठी तिथेच होती, आणि सोबत आणखी दोन, 17 आणि 22 च्या. दोन्ही तारखांना अजून अवकाश आहे, त्या आपापल्या फोल्डरमध्ये टाकल्या. पुतण्याला आकडे सरकवायला सांगितलं, त्याला पटत नाहीये, तो किल्ल्याखालच्यांच्या बाजूने आहे. आणि वसंतकाका, रविवारी आम्ही बंद असतो. एखाद्या तारखेला रविवार असला तर ती चिठ्ठी शनिवारी काढावी की सोमवारी? काकू, तुमच्या कचेरीत काय करायचे?

जोशीकाकू_ग्वाल्हेर
शनिवारी. निघताना सोमवारपर्यंतचे सगळे फोल्डर उघडायचे. मात्र ग्राहकाला शनिवारी दुपारनंतर फोन केला तर तो उचलेलच असं नाही, तेव्हा 8 ऐवजी 6 दिवस आधी धरलंस ते कमीच वाटतंय मला.

इंदूरची_अनघा
8 ही तारीख होती काकू, दिवस सहाच. किती धरावेत? गाडीच्या पॉलिसीला कोण किती आधी फोन करतं?