तव्याचा अर्थ तव्याएवढाच

‘बहिणाबाईंच्या “अरे संसार संसार” या कवितेचा सारांश “स्त्रीच्या सोसण्याची व्यथा” असा एका ओळीत लिहिला तर चालेल का?’

अर्धाच होईल. पहिल्या कडव्यात जोर क्रमावर आहे: ‘आधी’ चटके, ‘तव्हा’ भाकर. म्हणून गद्यात दोन्ही टोकं हवीत: ‘संसार चुलीवरच्या तव्यासारखा, आधी हात भाजतात, मगच भाकरी मिळते.’ मुळात ‘जसा’ आहे, तेव्हा ‘सारखा’ गाळू नका. चटके म्हणजे सासुरवास, भाकर म्हणजे मोक्ष, हे कवितेत नाही. आणि नुसती व्यथा म्हटलं की पुढचं कडवं अडतं. तिथे बहिणाबाई संसाराला खोटा म्हणू नये, देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नये, असं बजावतात.

बोलीही सांभाळा. आपल्याकडे खानदेशात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ‘मियते’ म्हणजे मिळते, ‘कयस’ म्हणजे कळस. बाहेरचे नेमके इथेच अडखळतात.