मदत हवी आहे : कपाळाच्या कोपऱ्यांतील केस मागे सरकले आहेत, कोणती केशरचना करावी?

मधुरा_७
कपाळ मुळातच मोठे आहे आणि दोन्ही कोपऱ्यांतील केस मागे सरकल्यामुळे चेहरा फार लांब दिसतो. पुढच्या आठवड्यात समारंभ आहे, त्यामुळे कृपया नेमका उपाय सांगावा.

कात्रीवाला
कडेचे केस अगदी बारीक करावेत, वरचे पुढे वळवावेत आणि दाढी राखावी. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला.

मधुरा_७
दाढी शक्य नाही, मी स्त्री आहे. केस खांद्याखाली येतात.

शलाका
केस सरळ आहेत की लहरी, आणि भांग कुठे पाडता, हे सांगितल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

मधुरा_७
किंचित लहरी आहेत. भांग मधोमध असतो आणि रोज घट्ट पोनीटेल बांधते.

शलाका
मग अडचणीचा अर्धा भाग त्या पोनीटेलमध्येच आहे, कारण ती दोन्ही कोपरे उघडे पाडते आणि सततच्या ताणाने तिथले केस आणखी विरळही होऊ शकतात. मी बरीच वर्षे केशकर्तनाचे काम करते; तुमच्यासाठी मी मधोमध दुभागणाऱ्या लांब बटा सुचवीन. त्यांचे केस कोपऱ्यांतून न घेता, भांगावर केशरेषेच्या तीन-चार सेंटिमीटर मागून सुरू होणाऱ्या त्रिकोणातून घ्यावेत. तिथले केस बहुधा दाट असतात, आणि कोपऱ्यांतले घेतले तर तिथली पोकळी अधिकच उठून दिसते. मध्यभागी लांबी नाकाच्या मध्यापर्यंत आणि कडेला गालाच्या हाडापर्यंत ठेवावी. लहरी केस वाळल्यावर वर चढतात, म्हणून पहिल्यांदा थोडे लांबच कापून घ्यावेत. ड्रायरने मुळे आधी डावीकडे, मग उजवीकडे वाळवली की बटा कपाळाला न चिकटता कोपऱ्यांवरून वळतात.

निरंजन_के
त्यापेक्षा भांग एका बाजूला घ्यावा, कापण्याची गरजच पडत नाही.

शलाका
दोन्ही कोपरे सारखेच मागे गेले असतील, तर एका बाजूचा कोपरा उघडाच राहतो. एकच अधिक खोल असेल, तर मात्र तुमचे म्हणणे योग्य आहे. त्या बाजूवर अधिक केस यावेत असा भांग घ्यावा.

निरंजन_के
माझ्या बहिणीचे दोन्ही कोपरे मागे होते, तरीही ते झाकले गेले होते.

सुलभाताई
रोज कोमट तेलाने मालीश करा, नवे केस येतात असे म्हणतात.

शलाका
ताई, प्रश्न केस उगवण्याचा नाही. शिवाय तेलाने बटा एकमेकींना चिकटतात आणि मधून त्वचा दिसू लागते. मधुरा, कापण्याआधी त्या त्रिकोणातले केस ओले करून कपाळावर ओढून पाहा. आरपार त्वचा स्पष्ट दिसत असेल, तर बटा विरळ दिसतील, तेव्हा त्या कापू नका. आणि केस अलीकडे झपाट्याने मागे गेले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवा.

मधुरा_७
ओले करून पाहिले. डावीकडे दाट आहेत, उजवीकडे थोडी त्वचा दिसते. अशा वेळी त्रिकोण डावीकडे सरकवून घेता येतो का?