‘कास्ट करणे’ आणि ‘मिरर करणे’: अर्थ एकच का?

केतकी: फोनवरचं टीव्हीवर लावायचं म्हटलं की कोणी ‘कास्ट कर’ म्हणतं, कोणी ‘मिरर कर’. फरक काय? आणि ‘दोन्ही एकाच नेटवर्कवर हवेत’ म्हणजे नक्की काय? आमच्या दोन्हींवर वाय-फायचं नाव सारखंच आहे, तरी कास्टच्या यादीत टीव्ही येत नाही.

सुरपारंबी: एकच हो. तुमचा फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल नि टीव्ही २.४ वर. फोन २.४ वर आणा, माझं तसंच जमलं होतं.

तारायंत्र: एकच नाही. मिररिंगमध्ये फोनचा अख्खा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर जातो, वर आलेल्या मेसेजसकट. व्हिडिओ कास्ट केला की फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून उचलतो. म्हणून फोन लॉक केला तरी कास्ट चालू राहतं, मिररिंग सहसा तुटतं.

२.४ आणि ५ एकाच राउटरचे असतील तर बहुधा नेटवर्क एकच असतं. काही राउटर या दोहोंमधला शोधसंदेश नीट पोचवत नाहीत, तिथे सुरपारंबींचा उपाय लागू पडतो. केतकी, वाय-फायच्या सेटिंगमध्ये दोन्हींचा आयपी पत्ता बघा.

केतकी: फोन 192.168.0.12, टीव्ही 192.168.1.34. आतल्या खोलीत रेंजसाठी दुसरा राउटर लावलाय, नाव मुद्दाम पहिल्याचंच ठेवलंय.

तारायंत्र: मग हीच गोम. घरगुती राउटरवर तिसरा आकडा वेगळा म्हणजे नेटवर्क वेगळं, नाव काही असो. फोन ‘इथे टीव्ही कोण आहे?’ अशी हाक 224.0.0.251 या पत्त्यावर देतो, आणि ती हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून संशय येत नाही. दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे पत्ते पहिलाच वाटेल. मग फोन नि टीव्ही दोन्हींचं वाय-फाय बंद-चालू करा, दोन्हींच्या पत्त्यातला तिसरा आकडा सारखा झाला की टीव्ही दिसायला हवा.

पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क मात्र वेगळं प्रकरण. तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते.

सुरपारंबी: पण माझ्या जुन्या फोनवरून वाय-फायला न जोडताच टीव्हीवर पडदा दिसायचा, तो कसा?

तारायंत्र: ते मिराकास्ट. त्यात फोन नि टीव्ही थेट एकमेकांशी जोडले जातात, राउटर मध्ये येतच नाही. सगळ्या फोनांत ते नसतं.

केतकी: मोड बदलला, टीव्ही दिसला! आता शब्दांचं बोला. मिररला ‘प्रतिबिंबन’ चालेल?

सुरपारंबी: आणि कास्टला ‘प्रक्षेपण’.

तारायंत्र: प्रक्षेपणात पाठवणाराच सगळं पाठवतो. इथे फोन नुसता पत्ता देतो, त्यामुळे मला तो शब्द पटत नाही. दुसरा सुचत नाहीये, हेही खरं.