मदत हवी आहे: लिक्विडेशन प्राइस हिशोबाशी जुळत नाही

यूएसडीटी परपेच्युअलमध्ये आयसोलेटेड लाँग आहे. एंट्री 60,000, साइझ 0.1 बीटीसी, लिव्हरेज 10 पट, म्हणजे मार्जिन 600. मेंटेनन्स मार्जिन 0.5 टक्के, टेकर फी 0.05 टक्के. साइझ पहिल्याच टियरमध्ये बसते, त्यामुळे मेंटेनन्समधून वजा होणारी रक्कम शून्य. नंतर मार्जिन टाकलेलं नाही आणि फंडिंगही अजून कापलेलं नाही.

उरलेलं मार्जिन जिथे मेंटेनन्स अधिक बंद करायची फी एवढंच राहतं, ती किंमत मी अशी काढली:

```
P = (q*E - M) / (q*(1 - mmr - fee))
  = (6000 - 600) / (0.1*0.9945)
  = 54298.64
```

फी सोडली तर 54,271.36 येतं. एंट्रीची 3 यूएसडीटी फी मार्जिनमधूनच गेली असं धरलं (M = 597), तर 54,328.81. स्क्रीनवर मात्र चक्क 54,300.

मग मेंटेनन्स मार्क प्राइसवर न काढता एंट्रीच्या किमतीवर काढून पाहिलं: 6000 चे 0.5 टक्के म्हणजे 30, आणि 60,000 - (600 - 30)/0.1 = 54,300. तंतोतंत! पण यात फी कुठेच नाही, आणि तिथेच घोडं अडलंय.

फरक किरकोळ आहे, कबूल. पण लिव्हरेज वाढवल्यावर स्टॉप आणि लिक्विडेशनमध्ये जागाच उरत नाही. मेंटेनन्स एंट्रीवर धरणाऱ्या एक्स्चेंजवर बंद करायची फी ऑर्डर टाकतानाच वेगळी राखून ठेवतात, की ट्रिगर खरं तर 54,300 च्या वर असतो? आणि पोझिशन न उडवता हे कुठल्या आकड्यावरून तपासता येईल?