टिप्सचा पेड ग्रुप सोडायचा आहे, रिफंड मिळेल का? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

सुनंदाताई, बी-२०३: राम राम मंडळी. आमच्या जिभाऊंनी शेअर टिप्सचा वर्षाचा ग्रुप घेतलाय, आता सोडायचाय. भरताना ‘लॉस झाला तर पूर्ण पैसे परत’ असं लिहून दिलं होतं. हाई खरं शे का?

किरणभाऊ, ए-१०४: ताई, ते वाक्यच आधी संशयाचं आहे. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला नफ्याची हमी देता येत नाही. ‘लॉस झाला तर पैसे परत’ ही तीच हमी, फक्त उलटी करून सांगितलेली. त्यामुळे त्या वाक्यावर हिशेब मांडू नका. जिभाऊंचा खरा हक्क वेगळा आहे. नोंदणीकृत रिसर्च अॅनालिस्टची सेवा मुदतीआधी बंद केली, तर उरलेल्या दिवसांची फी परत मिळते. नफा झाला की तोटा, याचा त्याच्याशी संबंध नाही.

सुनंदाताई: मग सांगते त्यांना, आत्ताच बाहेर पडा म्हणून.

किरणभाऊ: थांबा! आधी बाहेर पडू नका. टेलिग्रामवर काढून टाकलं की चॅनलच दिसेनासं होतं आणि अॅडमिन जुने मेसेज पुसूनही टाकतो. आधी तो ‘पैसे परत’चा मेसेज, फीचा मेसेज आणि अॅडमिनचं प्रोफाइल, सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या. व्हॉट्सअॅप असेल तर ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःलाच मेल करा. मग यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे उघडून बघा. मॅन्डेट चालू असेल तर रद्द करा, नाहीतर ग्रुप सोडला तरी पुढचा हप्ता कापला जाईल.

प्रदीपदादा, सी-३०१: नोंदणी खरी का खोटी, ते कसं कळायचं? नंबर तर सगळेच टाकतात.

किरणभाऊ: बरोबर, नुसता नंबर बघून उपयोग नाही. दुसऱ्याचा खरा नंबर उचलून चिकटवणारे भरपूर. रिसर्च अॅनालिस्टचा नंबर INH ने सुरू होतो, इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझरचा INA ने. sebi.gov.in वर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे, तिथे तो नंबर टाका. नाव, पत्ता, ईमेल आणि नोंदणीची मुदत दिसते. आता यूपीआयची पावती उघडा आणि पैसे कोणाच्या नावावर गेले ते वाचा. यादीत एक नाव आणि पावतीवर भलत्याच कुणा ‘ट्रेडर्स’चं खातं, असं निघालं तर समजून जा. रिफंडचा मेलही यादीतल्याच ईमेलवर करा, ग्रुपमध्ये दिलेल्यावर नाही. ज्याचा नंबर चोरलाय तो लगेच कळवेल की हा ग्रुप आमचा नाही.

सुनंदाताई: १८,२५० अधिक जीएसटी भरलेत. १२५ दिवस झाले.

किरणभाऊ: म्हणजे दिवसाला ५० रुपये. ३६५ मधून १२५ गेले, उरले २४०. परत मागायचे १२,०००. त्यावरचा १८ टक्के जीएसटी २,१६०, म्हणजे एकूण १४,१६०. मेलमध्ये हा आकडा हिशेबासकट लिहा, ‘अमुक तारखेपासून सेवा बंद’ असं स्पष्ट लिहा, बँक खाते द्या. ‘माझे पैसे द्या’ एवढंच लिहिलं की ते टोलवत बसतात. नंबर INA चा असेल तर मात्र करारात असेल तशी, जास्तीत जास्त एका तिमाहीची फी ते कापू शकतात. INH असेल तर अशी कपात चालत नाही.

वकील नाना, ए-२०२: त्यांनी ‘नॉन रिफंडेबल’ छापलेलं दाखवलं तरी घाबरू नका. सेबीच्या नियमापुढे ते टिकत नाही. उत्तर नाही आलं तर scores.sebi.gov.in वर तक्रार टाका. पॅन लागतो. कंपनीला उत्तराला २१ दिवस असतात. उत्तर पटलं नाही तर तिथेच १५ दिवसांच्या आत पुढचा आढावा मागता येतो. नुसतं वाट बघत बसलं की तक्रार बंद होते, तेवढं ध्यानात ठेवा.

प्रदीपदादा: आणि नोंदणीच नसेल तर?

वकील नाना: मग स्कोअर्सवर ते प्रकरण मार्गी लागणार नाही. १९३० ला फोन, cybercrime.gov.in वर तक्रार आणि बँकेला लेखी कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. १२५ दिवसांनंतर परत मिळण्याची आशा कमीच, खरं सांगायचं तर.

सुनंदाताई: आत्ताच जिभाऊंनी सांगितलं, कोणीतरी फोन करून म्हणाला रिफंड मंजूर झालाय, आधी १,८०० प्रोसेसिंग भरा.

किरणभाऊ: भरू देऊ नका! रिफंड द्यायला कोणी आधी पैसे मागत नाही, कापायचे असतील तर त्यातूनच कापतात. पैसे घ्यायला यूपीआय पिनही लागत नाही. क्यूआर स्कॅन करा, अॅप टाकून स्क्रीन दाखवा म्हणाला तर फोन ठेवायला सांगा. सेबीच्या नावाने पत्र आलं तर पाठवणाऱ्याचा मेल @sebi.gov.in ने संपतो का ते बघा. तो नंबर आणि पावती मला पर्सनलवर टाका, ग्रुपवर नको. आज रात्री यादीत तपासून सांगतो.