भेटीच्या पहिल्या पानावर, दुसऱ्या भाषेतल्या दोन ओळी: तुमचे अनुभव सांगा

मृदगंध
काल माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि बाबांना निवृत्तीला मिळालेला फोटो अल्बम हाती आला. काळी जाड पानं, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पारदर्शक कागद, फोटो अडकवायला चिकटवलेले त्रिकोणी कोपरे. बाबांच्या ऑफिसातल्या लखनौच्या काकांनी दिलेला. काका उभा जन्म आमच्याशी हिंदीत बोलले आणि आम्ही त्यांना मराठीत उत्तरं दिली. पण पहिल्या पानावर पांढऱ्या शाईत त्यांनी हे लिहिलंय:

"दादांना,
डब्यातला अर्धा वाटा.
आपला धाकटा भाऊ
नागपूर, मे १९९८"

बाबा रोज डब्यातली अर्धी पोळीभाजी त्यांना द्यायचे. बस, त्यावरच सगळं आलं. निवृत्तीच्या शुभेच्छा नाहीत, आभार नाहीत. आई सांगते, काका आदल्या आठवड्यात चहाला आले तेव्हा बाबा आंघोळीला गेल्याचं बघून त्यांनी तिच्याकडून हे चार शब्द एका पाकिटाच्या मागे लिहून घेतले होते आणि मग बघून बघून अल्बमवर उतरवले. अक्षर इतकं जपून काढलंय की प्रत्येक काना वेगळा दिसतो.

तुम्ही कुणाला पुस्तक किंवा अल्बम देताना आपली नसलेल्या भाषेत लिहिलंय का? किंवा कुणी तुमच्यासाठी मराठीत? नक्की काय लिहिलं ते जसंच्या तसं द्या.

वडोदेकर
आमच्याकडे बडोद्यात हे नेहमीचंच. गुजरातीतही "सप्रेम भेट"च म्हणतात, त्यामुळे शब्दांना अडत नाही, हात अडतो. गुजरातीला वर रेघ नसते आणि माझा हात सवयीने रेघ ओढतो. शेजारच्या बेनच्या मुलीला पुस्तक दिलं तेव्हा आधी पेन्सिलीने लिहिलं, तिच्या आजीला दाखवलं, मग शाई. आजी म्हणाल्या, रेघ राहू दे, कुणी दिलंय ते कळेल.

सुगरण_नाही
किती गोड आहेत ते काका!! डब्यात काय असायचं पण?

मृदगंध
@सुगरण_नाही मेथीची पातळ भाजी आणि पोळ्या. सोमवारी काकांचा उपास म्हणून आई साबुदाण्याची खिचडी जास्तीची द्यायची.

कवडसा
माझ्या कवितासंग्रहाची अर्पणपत्रिका मी इंग्रजीत केली होती कारण भाऊ अमेरिकेत वाढला. प्रकाशक म्हणाले मराठी संग्रहाला इंग्रजी अर्पणपत्रिका बरी दिसत नाही. खूप वाद झाला. शेवटी मराठीतच छापली.

हिंदीच्या_बाई
@कवडसा तुमचं छापील अर्पणपत्रिकेबद्दल आहे, इथे हाताने लिहायच्या ओळींबद्दल चाललंय. पण भावाच्या प्रतीवर वेगळी इंग्रजी ओळ हाताने लिहिता येईल की. ती प्रकाशकाला विचारावी लागत नाही.

मी शाळेत हिंदी शिकवायचे, म्हणून आमचे एक भाचे दरवेळी असल्या ओळी माझ्याकडे तपासायला आणतात. एक सविस्तर सांगते. त्यांच्या जबलपूरच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी मिळून अल्बम केला. यांनी लिहून आणलं होतं: "मम्मीजी व पापाजी की स्मृती में, सस्नेह भेट."

पहिली गोष्ट मी थांबवली ती "स्मृति में". लग्नाची, प्रवासाची स्मृति चालते, पण माणसाच्या नावापाठोपाठ "की स्मृति में" आलं की हिंदी वाचणाऱ्याला देवळातला बाक आणि पाणपोईवरची पाटी आठवते. आपल्याकडे "यांच्या स्मरणार्थ" म्हटल्यावर होतं तेच. दोघं धडधाकट, केक कापायला बसलेली! दुसरं म्हणजे "सस्नेह". स्नेह वरून खाली जातो, मोठ्यांकडून धाकट्यांना, फार तर बरोबरीच्यांत. जावयाने सासऱ्यांना "सादर" लिहावं. मग बारीकसारीक: "स्मृति" हिंदीत ऱ्हस्व, "भेंट"वर अनुस्वार. तो आपल्या लोकांच्या हातून हमखास सुटतो, कारण आपल्या तोंडात भेट बसलेली.

पण एवढं दुरुस्त केल्यावरही ती ओळ कुणालाही देता आली असती. मी विचारलं, त्या दोघांचं असं काय आहे? म्हणाले, दोघं रोज संध्याकाळी चालायला जातात, सासरे नेहमी चार पावलं पुढे आणि दर कोपऱ्यावर थांबतात. मग हे ठरलं:

"मम्मी जी और पापा जी को,
हर मोड़ पर साथ।
सादर,
आपके बच्चे"

खाली जबलपुर आणि तारीख. सासूबाईंनी वाचलं आणि सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या, सुना आपने? एवढंच.

नाशिकचा_राजा
वा बाई! एक सांगू का, मोठ्यांना हिंदीत "सप्रेम भेंट" पण चालत नाही. प्रेम बरोबरीच्यांत. मला एका यूपीच्या मित्राने सांगितलंय.

हिंदीच्या_बाई
तितकं कडक नाही हो. लेखक आपली प्रत वडीलधाऱ्यांना देतानासुद्धा "सप्रेम भेंट" लिहितात, जुन्या बाजारातल्या हिंदी पुस्तकांवर सर्रास दिसेल. घरातल्या मोठ्यांना "सादर" जास्त शोभतं, एवढंच मी म्हणेन.

नाशिकचा_राजा
मित्र ठाम होता पण. त्याच्या घरी नसेल चालत.

आजीबाईचा_बटवा
माझी सून कोलकात्याची. पहिल्या दिवाळीला तिने मला पाककृतींची वही दिली. रिकामी, मी सांगायचं आणि तिने लिहायचं म्हणून. आत लिहिलं होतं "आई, तुमच्या हातचं सगळं. तुमचा सून." बंगालीत क्रियापदाला, विशेषणाला बाई-पुरुष असं काही नसतं, त्यामुळे तिला "तुमचा-तुमची" सांभाळणं फार जड जायचं. लेक म्हणाला, आई, मी खोडून नीट करून देतो. मी हात लावू दिला नाही. आता ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलते आणि ते पान दिसलं की झाकते. मी मुद्दाम पाहुण्यांना दाखवते, कारण "तुमच्या हातचं सगळं" हे माझ्या पोटच्या पोरांना सुचलं नसतं.

पेठेतली
@आजीबाईचा_बटवा डोळ्यात पाणी आलं. पण एक विचारायचंय, "तुमच्या" का लिहिलं? माझी जाऊ पंजाबी, ती सासूबाईंना सरळ "आई, तुझ्यासाठी" लिहिते आणि सासूबाई खूश.

आजीबाईचा_बटवा
लेक मला अगं म्हणतो आणि सून अहो. तिने घरात जे ऐकलं ते लिहिलं. प्रत्येक घराचं वेगळं गं.

पेठेतली
हो पण लिहिताना तरी अहो हवं असं मला वाटतं. पुस्तकावर कायम राहतं ना. बाकीच्यांचं मत?

कोकणकडा
माझं मत, घरात जे म्हणता तेच. आईला कागदावर अहो केलं तर ती विचारेल, काय झालं रे?

मांडवीकाठी
पणजीहून. माझी मैत्रीण कोंकणीतली, मी मराठीतली. ती माझ्या प्रत्येक पुस्तकावर फक्त "मोगान" लिहिते, खाली नाव. प्रेमाने, बस. मी तिच्या पुस्तकावर मराठीत चार ओळी लिहायचे, आता मीही "मोगान"वर आले आहे. तिच्या आईला मात्र रोमी लिपीतलीच कोंकणी वाचता येते, देवनागरी नाही. तिला अल्बम दिला तेव्हा मैत्रिणीकडून रोमीत लिहून घेतलं. भाषा बरोबर असून लिपी चुकली तर पान कोरंच राहतं.

घाईत_आहे
मला उद्याच पाहिजे!! आमचे साहेब भोपाळला परत चाललेत. ऑफिसतर्फे छापील फोटोबुक देतोय, पहिल्या पानाला मजकूर टाकलाय "आदरणीय साहब को, विभाग की ओर से सादर भेंट". बाईंचं वाचून अनुस्वार टाकला. पण दुकानदाराने पाठवलेल्या पीडीएफमध्ये "आदरणीय"ची वेलांटी पुढच्या अक्षरावर गेलीय आणि "विभाग"मध्ये व सुटा, इकार सुटा. तो म्हणतो छापताना नीट येईल.

छापखाना
नीट येणार नाही. पीडीएफमध्ये दिसतंय तसंच छापलं जाणार. त्यांच्या अल्बमच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडाजोड जमत नसणार, किंवा तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलं आणि त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये चिकटवलं. भांडत बसू नका, वेळ नाही. मोबाईलवर किंवा वर्डमध्ये ओळ टाइप करा, मोठ्या आकारात, पांढऱ्यावर काळी. तिचं चित्र करून पाठवा आणि सांगा की फोटोसारखं ठेवा. चित्रातली अक्षरं हलत नाहीत. मग परत पीडीएफ मागवून इकार आणि जोडाक्षरं बघा, बाकी बघायची गरज नाही.

अजून एक, हिंदी घरात द्यायचंय तर हिंदी वळणाचा फॉन्ट घ्या. त्यांचा ल आणि श आपल्यापेक्षा वेगळा दिसतो. चूक नाही, पण भोपाळच्या माणसाला त्याच्या भाषेतलं वाटेल.

हिंदीच्या_बाई
@घाईत_आहे मजकूर शुद्ध आहे. पण "साहब" कोणीही असू शकतो. त्यांची एखादी सवय सांगा, दोन शब्दांत बसवू.

घाईत_आहे
कुणाची रजा कधी नाकारली नाही. सही करताना म्हणायचे "घर पहले".

हिंदीच्या_बाई
मग तेच लिहा.
"साहब को,
घर पहले।
सादर, आपका विभाग"
तेही आता घरीच चाललेत ना.

घाईत_आहे
बाई!!! मंजूर. सगळ्यांना पाठवलं ग्रुपवर, दोघी रडल्या.

सुगरण_नाही
छापील नको वाटतं मला, हाताचं अक्षर हवं. काळ्या पानावर कोणतं पेन? मृदगंधच्या काकांनी कशाने लिहिलं असेल?

छापखाना
त्या काळी बोरू किंवा निबने पांढरा पोस्टर कलर असेल. आता पांढरं जेल पेन मिळतं. आधी मागच्या पानावर रेघ मारून बघा, काही पेनं काळ्यावर राखाडी उमटतात. लिहून झाल्यावर अल्बम लगेच मिटू नका, समोरच्या फोटोला शाई लागते. चकचकीत पानावर जेल वाळतच नाही, बोट लागलं की पुसतं. तिथे वेगळ्या कार्डावर लिहून चिकटवा. आणि फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला वळ दिसतो.

सुगरण_नाही
अप्पा बळवंत चौकात मिळेल ना पांढरं जेल?

पेठेतली
मिळेल, मी परवाच मुलीच्या प्रोजेक्टला आणलं. दोन घे, एक आटलेलं निघतं. आणि तिकडे जातेच आहेस तर मला तपकिरी कव्हरचे दोन रोल आण, पैसे लगेच पाठवते.