माजी सहकाऱ्याविषयी विचारणा आली, तेव्हा तुम्ही काय लिहिले?

पाऊलवाट :
माझ्या गटात पूर्वी काम केलेल्या एका चाचणी अभियंत्याने नव्या ठिकाणी अर्ज करताना संदर्भ म्हणून माझे नाव दिले. तेथील भरती करणाऱ्या बाईंचा ईमेल आला. त्यात कामाचा काळ, बलस्थाने, सुधारणेला वाव आणि ‘पुन्हा नोकरीवर घ्याल का’ हे चार प्रश्न होते आणि उत्तर थोडक्यात हवे होते. माझा पहिला मसुदा पाच मिनिटांत तयार झाला : ‘कष्टाळू, प्रामाणिक, संवादकौशल्यात सुधारणेला वाव.’ पाठवण्यापूर्वी तो पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की ‘संवादकौशल्य’ वाचून बाई ‘याचे इंग्रजी कच्चे असावे’ असा अर्थ घेतील. त्याचे इंग्रजी उत्तम होते. अडचण एवढीच होती की काम अडले तरी तो कोणाला सांगत नसे. मग मी बाईंना जागा कोणती आहे ते विचारले. वरिष्ठ चाचणी अभियंत्याची जागा होती आणि हाताखाली दोन नवखे असणार होते. ते कळल्यावर पुढील उत्तर लिहिले.

> ते जून 2021 ते ऑक्टोबर 2023 या काळात माझ्या गटात होते आणि त्यांच्या कामाचा आढावा मीच घेत असे. ग्राहकाच्या खात्यातून एकाच बिलाचे पैसे दोनदा वळते होण्याची चूक त्यांनी प्रणाली सुरू होण्यापूर्वी पकडली. त्यासाठी त्यांनी तीन दिवस जुन्या नोंदी स्वतःहून तपासल्या होत्या. पहिल्या वर्षी काम अडल्याचे ते वेळेत कळवत नसत आणि त्यामुळे आमचे काम दोनदा लांबले. त्यानंतर रोज सायंकाळी चार ओळींचा लेखी आढावा देण्याचे ठरले आणि शेवटच्या आठ महिन्यांत असा प्रसंग आला नाही. ग्राहकांशी थेट बोलण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्याविषयी मत देत नाही. चाचणीच्या कामासाठी मी त्यांना नक्की पुन्हा घेईन. हाताखाली माणसे देताना सुरुवातीचे काही महिने असाच लेखी आढावा मागेन.

शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडले होते, कारण ते थेट कोणी विचारलेले नव्हते. आपण अशा वेळी काय लिहिले, आणि काय लिहिण्याचे टाळले, हे वाचायला आवडेल.

मुलाखतघर :
मी गेली चौदा वर्षे भरतीच्या कामात आहे आणि अशी उत्तरे रोज वाचतो. आपल्या उत्तरातील सर्वांत उपयोगी वाक्य दोष सांगणारे नाही, तर त्यानंतरचे आहे, कारण दोष कोणत्या परिस्थितीत दिसला आणि कशाने आटोक्यात आला हे कळल्यावर नव्या साहेबाला पहिल्या दिवसापासून काय करायचे ते समजते. केवळ विशेषणांनी भरलेले पत्र आले की मी फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो : ‘एखादा प्रसंग सांगाल का?’ ज्यांना प्रसंग आठवत नाही, त्यांनी त्या माणसाबरोबर प्रत्यक्ष काम फारसे केलेले नसते, असा माझा अनुभव आहे. ‘पुन्हा घ्याल का’ हा रकाना कोरा ठेवणाऱ्यांना वाटते की आपण सौजन्य दाखवले. वाचणारा मात्र तो नकारच समजतो. ‘जागा असल्यास विचार करू’ हेही बहुतेक वेळा तसेच वाचले जाते.

हिशेबनीस :
कोणाविषयी प्रतिकूल लिहिणे हे कायद्याने चुकीचे आहे, असे आमच्या कार्यालयात सांगितले गेले आहे. म्हणून मी रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि हुद्दा एवढेच कळवतो. माझ्या मते बाकी सर्व धोक्याचे आहे.

थेम्सकाठ :
हिशेबनीस, आपली सावधगिरी समजते, पण कायद्याविषयीचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. मी लंडनमध्ये आहे. येथे 1994 साली ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने असा निर्णय दिला की, संदर्भ देणाऱ्या मालकाने माजी कर्मचाऱ्याच्या बाबतीत वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. निष्काळजीपणे लिहिलेल्या मजकुरामुळे त्याचे नुकसान झाले, तर मालक उत्तरदायी ठरू शकतो. त्याचा अर्थ प्रतिकूल लिहू नये असा नाही. लिहिलेले खरे, अचूक आणि एकूण चित्र न बिघडवणारे असावे, असा आहे. हा निकाल भारतातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण कसोटी म्हणून मी तोच वापरते : माझ्याजवळ जुना ईमेल किंवा वार्षिक आढाव्याची नोंद नसेल, तर तो दोष मी लिहीत नाही. तारखा आणि हुद्दा एवढेच देण्याची पद्धत येथेही पुष्कळ कंपन्यांत आहे, आणि तिच्यामुळे चांगल्या माणसाचे नुकसानच अधिक होते, असे मला वाटते.

रिकामा_डबा :
माझ्या जुन्या कंपनीने अजून कार्यमुक्तीचे पत्र दिलेले नाही आणि नव्या ठिकाणी पंधरा दिवसांची मुदत आहे. माजी साहेबांनी असे संदर्भपत्र दिले, तर ते त्याऐवजी चालेल का?

मुलाखतघर :
चालणार नाही. कार्यमुक्तीचे पत्र हा कंपनीचा कागद आहे आणि संदर्भ हे एका व्यक्तीचे मत आहे. राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि शेवटची वेतनचिठ्ठी दाखवून नव्या ठिकाणी मुदत वाढवून मागा. ‘पाऊलवाट’ यांनाही याच संदर्भात विचारतो, उत्तर आपण कंपनीच्या ईमेलवरून पाठवले की स्वतःच्या?

पाऊलवाट :
स्वतःच्या. आमच्याकडे अधिकृत उत्तर मनुष्यबळ विभागच देतो, म्हणून ‘हे माझे वैयक्तिक मत आहे’ असे वर स्पष्ट लिहिले होते.

भट्टीवाला :
आमच्याकडे हे सर्व फोनवर होते. नाशिकला माझ्या हाताखाली एक जोडारी होता, हात अतिशय स्वच्छ, परंतु द्राक्षांच्या तोडणीत दरवर्षी दहा-बारा दिवस गैरहजर. विचारणा झाली तेव्हा यंत्रांच्या आवाजात उभ्या उभ्या मी ‘काम चांगले, हजेरीचे बघा’ एवढेच बोललो. त्यांनी त्याला घेतले नाही. तो केवळ तोडणीच्या दिवसांत आणि आधी सांगून जात असे, हे मी बोललो नाही, आणि तेच खरे तर सांगायला हवे होते. आता मी ‘संध्याकाळी फोन करा’ असे सांगतो आणि आधी कागदावर चार ओळी लिहून ठेवतो.

सायंतारा :
माझा प्रसंग वेगळा होता. गटातील एका मुलीने मोठ्या आजारपणामुळे नोकरी सोडली होती. ‘सोडण्याचे कारण’ या प्रश्नाला मी ‘वैयक्तिक कारणाने, स्वेच्छेने, पूर्ण सूचना-काळ पाळून’ असे लिहिले. समोरून पुन्हा विचारले गेले, तेव्हा ‘ते त्यांनाच विचारावे’ असे कळवले. आजार सांगण्याचा अधिकार तिचा होता. मात्र मी ‘हजेरी उत्तम’ असेही लिहिले होते, आणि शेवटचे चार महिने ते खरे नव्हते. ते वाक्य आजही मला खटकते.

थेम्सकाठ :
तेथे ‘पहिली दोन वर्षे’ एवढे तीन शब्द वाढवून चालले असते, असे वाटते.

सायंतारा :
मग लगेच ‘आणि त्यानंतर?’ हा प्रश्न आला असता.

हिशेबनीस :
म्हणूनच मी तारखांपाशी थांबतो. तरीही एक विचारतो : पाठवलेले उत्तर त्या माणसाला दाखवावे का?

मुलाखतघर :
दाखवू नये. दाखवायचे म्हटले की लिहिणारा दोष बोथट करतो.

पाऊलवाट :
मी पाठवण्यापूर्वी त्याला फोन करून दोषाचे वाक्य वाचून दाखवले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “दोनदा नाही ताई, तीनदा लांबले होते.” मी जुने ईमेल पुन्हा पाहिले. त्यांत दोनच प्रसंग सापडले, म्हणून दोनच ठेवले.